बॉक्सच्या तळाशी किती उजेड पोहोचतो?

प्रश्न: दाढांच्या क्लास टू कंपोझिटमध्ये मी नेहमी २ मिमीचे थर लावतो आणि प्रत्येक थराला २० सेकंद लाइट देतो. तरीही काही रुग्ण आठवड्याभरात चावताना कळ येते म्हणून परत येतात, आणि दोघा-तिघांच्या फिलिंगखाली दोन वर्षांत पुन्हा कीड निघाली. हे सगळं श्रिंकेजमुळेच होतं का? थर लावणं सोडून बल्क फिलकडे वळू का?

उत्तर:

तुम्ही दोन आकडे दिलेत, २ मिमी आणि २० सेकंद. तिसरा आकडा मात्र दिला नाहीत: लाइटच्या टिपेपासून त्या थरापर्यंतचं अंतर. क्लास टूमध्ये माझ्या मते सगळ्यात निर्णायक आकडा तोच असतो. म्हणून बल्क फिलचा निर्णय थोडा बाजूला ठेवा. आधी त्या बॉक्सच्या तळाशी, म्हणजे जिंजायव्हल फ्लोअरवर, पहिल्या थराचं आणि त्याच्याही खालच्या बॉण्डिंग एजंटचं नेमकं काय होतं ते पाहू. तुमच्या दोन्ही तक्रारींची मुळं बहुतेक तिथेच सापडतील.

श्रिंकेज खरंच होतं, आणि ते टाळता येत नाही. न क्युअर झालेल्या कंपोझिटमध्ये मोनोमरचे रेणू एकमेकांपासून थोडं अंतर राखून असतात. लाइट पडला की त्यांच्यातले दुहेरी बंध उघडतात, रेणू एकमेकांना रासायनिक बंधाने जोडले जातात आणि त्यांच्यामधलं अंतर कमी होतं. असे असंख्य रेणू जवळ आले की एकूण आकारमान घटतं. नेहमीच्या हायब्रिड कंपोझिटमध्ये ही घट साधारण २ ते ३ टक्के असते. फ्लोएबलमध्ये फिलर कमी आणि रेझिन जास्त, त्यामुळे तिथे ती ४ टक्क्यांच्या पुढेही जाते. आकारमानात अडीच टक्के घट म्हणजे एका दिशेने सुमारे ०.८ टक्का. ५ मिमी रुंद कॅव्हिटीत त्याचे ४० मायक्रॉन होतात. ऐकायला हे फार नाही, पण जिवाणूच्या मानाने ४० मायक्रॉनची फट म्हणजे सताड उघडा दरवाजा आहे.

आता ही घट कुठून भरून निघते हे पाहू. क्युअरिंगच्या अगदी सुरुवातीला कंपोझिट अजून वाहतं असतं. आकुंचन झालं तरी मोकळ्या पृष्ठभागावरून साहित्य आत सरकतं आणि ताण साठत नाही. काही क्षणांत ते थिजतं, त्याला आपण जेल पॉइंट म्हणतो. त्यानंतरचं आकुंचन वाहून भरून निघत नाही, ते ज्या भिंतींना चिकटलेलं आहे त्यांना ओढतं. भिंत लवचीक असेल तर कस्प आत झुकते. झुकत नसेल तर सगळ्यात कच्चा जोड सुटतो. कच्चा जोड म्हणजे जवळजवळ नेहमीच डेंटिनचा किंवा मुळाकडच्या सिमेंटमचा, एनॅमलचा क्वचितच. एनॅमलचा जोड घट्ट राहिला तर कधी कधी एनॅमलच कडेला तडकतं, आणि फिलिंगभोवती जी पांढरी रेघ दिसते ती त्यातून येते. अर्थात फिनिशिंग बर जोरात चालवल्यानेही तीच रेघ उमटते.

वाहायला किती जागा मिळते हे कॅव्हिटीच्या आकारावर ठरतं. फाइल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी १९८७ मध्ये ते एका साध्या गुणोत्तरात मांडलं: चिकटलेले पृष्ठभाग भागिले मोकळे पृष्ठभाग. हाच आपला सी-फॅक्टर. क्लास वनच्या पेटीत पाच भिंती चिकटलेल्या आणि एकच बाजू मोकळी, म्हणून ५. क्लास टूमध्ये एक बाजू मॅट्रिक्सकडे असल्याने तो कमी भरतो. पण क्लास टू म्हणून निर्धास्त राहू नका. अरुंद, खोल बॉक्सच्या कोपऱ्यात तुम्ही एक गोळा दाबून बसवला की त्या गोळ्यापुरती स्थिती क्लास वनसारखीच होते.

चावतानाची कळ इथून समजते. फ्लोअरवर डेंटिनचा जोड सुटला की खाली बारीक पोकळी राहते आणि ती डेंटिनमधल्या द्रवाने भरते. रुग्ण चावतो तेव्हा फिलिंग किंचित दबतं, द्रव नळ्यांमधून पल्पकडे ढकलला जातो आणि क्षणभर कळ येते. वरून पाहिलं तर सगळ्या कडा नीट बंद असतात, प्रोब कुठेच अडकत नाही.

इथपर्यंत सगळा दोष श्रिंकेजचाच वाटेल. पण एक गोष्ट मला माझ्या उमेदवारीच्या काळात कोणी नीट सांगितली नव्हती, म्हणून ती ठळकपणे सांगतो. कमी क्युअर झालेलं कंपोझिट कमी आकसतं. जितके बंध जुळतात तितकंच आकुंचन होतं, त्यामुळे अर्धवट क्युअर झालेला थर भिंतींना फारसं ओढत नाही. आकुंचनाचा ताण नुसता कमी करायचा असता तर लाइट कमी देणं हा सर्वांत सोपा उपाय ठरला असता. पण तसा थर मऊ राहतो, पाणी शोषतो, त्यातले न जुळलेले मोनोमर झिरपत राहतात, आणि बॉण्डही अर्धकच्चाच असेल तर काही महिन्यांत कड खुली होते. पूर्ण क्युअर झालेल्या चांगल्या कंपोझिटमध्येही सगळे दुहेरी बंध जुळत नाहीत. साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त तसेच राहतात, म्हणजे मुळातच हाताशी फार शिल्लक नसते. त्यामुळे माझा क्रम असा असतो: आधी पूर्ण क्युअर, मग ताण कमी करणं. उलट क्रमाने गेलं तर दोन वर्षांनी येणारी कीड टळत नाही.

थरांबद्दलही एक समज तपासून पाहा. थर लावल्याने श्रिंकेजचा ताण कमी होतो, असं आपण सगळे शिकलो. व्हर्सलुइस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संगणकावरच्या मॉडेलमध्ये हाच प्रश्न तपासला. त्यांच्या गणितात थर लावून भरलेल्या दाताच्या कस्प एकदम भरलेल्या दातापेक्षा जास्त आत झुकल्या. कारण उघड आहे. प्रत्येक थर भिंतींना थोडा आत ओढतो, कॅव्हिटी तेवढी अरुंद होते, पुढचा थर त्या अरुंद कॅव्हिटीत बसतो आणि तिला आणखी ओढतो. प्रत्यक्ष दातांवरच्या मोजमापांत मात्र थरांमुळे कस्पचं झुकणं कमी दिसलेलेही अभ्यास आहेत, त्यामुळे हा वाद एका वाक्यात मिटत नाही. मी स्वतः थर लावतो ते दोन कारणांसाठी. एक, उजेड तळापर्यंत पोहोचावा. दोन, साहित्य कोपऱ्यांत नीट बसवता यावं. ताण कमी झाला तर तो वरचा फायदा. हा क्रम डोक्यात असला की थर किती जाडीचा घ्यायचा ते आपोआप ठरतं: २ मिमी ही श्रिंकेजची मर्यादा नसून उजेडाची मर्यादा आहे. आणि तीदेखील टिप अगदी जवळ असताना मोजलेली.

आता मूळ मुद्दा, लाइट.

लाइटच्या खोक्यावर १००० किंवा १२०० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर असा आकडा असतो. तो टिपेच्या तोंडाशी मोजलेला असतो. कंपोझिटला किती ऊर्जा मिळाली हे त्या तीव्रतेला वेळेने गुणून कळतं. १००० मिलिवॅट २० सेकंद म्हणजे २० जूल. पण हे टिपेला टेकलेल्या पृष्ठभागापुरतं. टिप ६ ते ८ मिमी दूर गेली की तीव्रता घसरते, आणि ती किती घसरते हे प्रत्येक लाइटचं वेगळं असतं. काही लाइटचा झोत सरळ जातो आणि बराचसा टिकतो. काहींचा इतका फाकतो की ८ मिमीवर निम्म्याहून कमी उरतो. खोक्यावर याबद्दल काही लिहिलेलं नसतं. तुमच्या लाइटचं तुम्हीच मोजायचं. रेडिओमीटरवर टिप टेकवून आकडा घ्या, मग टिप तशीच सरळ ठेवून ७ मिमी वर धरा आणि पुन्हा आकडा घ्या. क्लिनिकमधले रेडिओमीटर अचूक आकड्यासाठी फारसे भरवशाचे नाहीत, पण त्याच लाइटची दोन अंतरांवरची किंवा दोन महिन्यांतली तुलना करायला पुरेसे आहेत.

अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोन. खालच्या दुसऱ्या दाढेवर रुग्णाचं तोंड पुरतं उघडत नाही, वाकड्या टिपेचा लाइट वरच्या दातांना अडतो, आणि हात नकळत टिप मागून पुढे किंवा पुढून मागे तिरकी धरतो. मग झोत बॉक्सच्या तळावर न पडता समोरच्या भिंतीवर पडतो. कस्पची आणि धातूच्या मॅट्रिक्स बँडची सावली नेमकी जिंजायव्हल फ्लोअरवर येते, आणि तिथल्या साहित्याला नुसता परावर्तित उजेड मिळतो. वरचा थर मात्र दगडासारखा कडक होतो, कारण तो टिपेजवळ असतो. डॉक्टर प्रोबने वर टोचून पाहतो, कडक लागतं, आणि समाधान होतं. वरून केलेल्या या तपासणीतून तळाबद्दल काहीच कळत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. निळ्या उजेडाकडे बघायचं नाही हे बरोबर, पण म्हणून बरेच जण लाइट सुरू करून मान वळवतात आणि हात हळूहळू सरकतो. कॅनडात डलहौसी विद्यापीठातल्या रिचर्ड प्राइस यांच्या गटाने पुतळ्याच्या दातांत सेन्सर बसवून हे मोजलं. तोच लाइट, तोच वेळ, तोच दात असूनही वेगवेगळ्या हातांनी दिलेली ऊर्जा खूप वेगवेगळी निघाली. नारिंगी चष्मा लावून टिपेकडे बघत क्युअर करायला शिकवल्यावर ती वाढली. मी तेव्हापासून मदतनिसाच्या हातात लाइट दिला तरी नारिंगी चष्मा लावून स्वतः टिपेकडे बघतो. पहिला एक-दोन सेकंद टिप मोकळी ठेवून जागा पक्की करायची, मग बोटाचा आधार शेजारच्या दातावर घेऊन शेवटपर्यंत हलू द्यायची नाही.

टिपेवर चिकटलेला कंपोझिटचा कपचा, प्लॅस्टिक आवरणाची टिपेवर आलेली चुणी किंवा जोड आणि उतरत आलेली बॅटरी यांनी किती नुकसान होतं ते तुम्हाला रेडिओमीटरवर दोन मिनिटांत दिसेल. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता माझ्याच हातून बिघडलेली एक केस सविस्तर सांगतो, कारण तिच्यात तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र आहेत.

खालच्या डाव्या पहिल्या दाढेला, म्हणजे ३६ ला, मागच्या बाजूने कीड होती. मी डिस्टो-ऑक्लुजल कंपोझिट केलं, थर २ मिमीचे, प्रत्येकाला २० सेकंद. आठवड्याने रुग्ण परत आला: त्या बाजूने कडक काही चावलं की कळ येते, गार पाण्याने थोडं झोंबतं, आपोआप काही दुखत नाही. आर्टिक्युलेटिंग पेपरवर एक ठिपका उंच दिसला, तो उतरवला. थोडा फरक पडला, पण कळ गेली नाही. प्रत्येक कस्पवर वेगळं चावायला देऊन चीर आहे का तेही पाहिलं. कोणत्याही एका कस्पवर दुखणं नेमकं पकडता आलं नाही. तीन आठवडे वाट पाहून फिलिंग काढायचं ठरवलं.

वरचा दोन-तृतीयांश भाग बरने काढताना नेहमीसारखा कडक होता. बॉक्सच्या तळाशी पोहोचलो तसा बरचा स्पर्श बदलला. बर थांबवून स्पून एक्स्कॅव्हेटर लावला, तर जिंजायव्हल फ्लोअरवरचा थर मेणासारखा खरवडून निघाला. त्याच्या खाली डेंटिन ओलं आणि चकचकीत होतं, बॉण्डचा कुठे मागमूस नाही. थर सगळे घेतले होते, सेकंद सगळे दिले होते. मग कमी कुठे पडलं?

मोजायला बसलो. शेजारच्या मार्जिनल रिजपासून जिंजायव्हल फ्लोअरपर्यंत पेरिओडॉन्टल प्रोब घातला, तर ६ मिमी. पण लाइटची टिप मार्जिनल रिजवर टेकत नाही, ती कस्पच्या टोकांवर टेकते, म्हणजे वर आणखी एक-सव्वा मिमी. एकूण अंतर ७ मिमीच्या पुढे. माझा लाइट टेकवून १००० दाखवत होता. ७ मिमीवर त्याच रेडिओमीटरवर साधारण ४५० आले. ४५० ला २० सेकंदांनी गुणलं तर ९ जूल, आणि तेही टिप अगदी सरळ धरली असती तर. त्या कंपोझिटच्या सूचनापत्रात १००० च्या लाइटला १० सेकंद, म्हणजे १० जूल सांगितले होते. ९ आणि १० मधला फरक एवढा अनर्थ करत नाही. खरा घात कोनाने केला होता. रुग्णाचं तोंड कमी उघडत होतं, मी बाईट ब्लॉक दिला नव्हता आणि टिप पुढून मागे तिरकी धरली होती. दाताच्या मागच्या बाजूच्या बॉक्सला तशा कोनातून आलेला झोत मागच्या मॅट्रिक्सवर आदळतो, आणि फ्लोअर आतल्या भिंतीच्या आणि कस्पच्या सावलीत राहतं. शिवाय बॉण्डला मी जेमतेम १० सेकंद दिले होते. नीट विचार करा: बॉण्ड हा सगळ्या थरांमध्ये टिपेपासून सर्वांत लांबचा थर, आणि वेळ त्यालाच सर्वांत कमी. आजही बहुतेक क्लिनिकमध्ये हेच चालतं असं मला वाटतं.

दुसऱ्यांदा भरताना काय बदललं ते क्रमाने सांगतो. विरुद्ध बाजूला बाईट ब्लॉक दिला, रबर डॅम लावला, सेक्शनल मॅट्रिक्स आणि वेज बसवला. मग साहित्य उघडण्याआधी, लाइट बंद ठेवून, टिप नुसती कॅव्हिटीवर ठेवून पाहिली: ती सरळ बसते का, की वरचे दात आडवे येतात? हा सराव कॅव्हिटी कोरडी करण्याआधी करायचा, नंतर नाही. वाकड्या टिपेचा लाइट सरळ बसेना, म्हणून ज्याचं डोकं लहान आणि आडवं आहे असा पेनसारखा लाइट घेतला. तो मात्र नीट बसला.

एनॅमलच्या कडांना फॉस्फोरिक आम्ल, धुणं, डेंटिन किंचित ओलसर ठेवणं, मग बॉण्ड सूचनेप्रमाणे २० सेकंद घासणं. हवेने तो इतका पातळ केला की पृष्ठभागावर लाट हलायची थांबली. कोपऱ्यात साचलेला बॉण्ड नंतर एक्स-रेवर काळी रेघ दाखवतो आणि कीड असल्याचा भास होतो, त्यामुळे हे पायरी म्हणून गंभीरपणे घ्या. मग बॉण्डला २० सेकंद, थोडं थांबून पुन्हा २० सेकंद. ४५० ला ४० ने गुणलं तर १८ जूल, आणि या वेळी सरळ.

मध्ये थांबण्याला कारण आहे. तीव्र लाइट उष्णताही देतो, आणि खोल कॅव्हिटीत पल्पवर डेंटिनचं आवरण पातळ असतं. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं होतं की पल्पचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तर काही पल्प मरतात. म्हणून सलग ४० सेकंदांऐवजी दोन वेळा २०, आणि मध्ये हवेची हलकी झुळूक. वेळ वाचावा म्हणून अतितीव्र मोडवर ३ सेकंद देण्याचा मोह होतो, पण तीव्रता दुप्पट करून वेळ निम्मा केला तर परिणाम तोच राहतो असं गृहीत धरू नका. प्रत्येक कंपोझिट तसं वागत नाही, आणि झपाट्याने क्युअर झालं की जेल पॉइंटच्या आधी वाहायला वेळही कमी मिळतो.

फ्लोअरवर पहिला थर फ्लोएबलचा, जेमतेम अर्धा मिमी. त्याचं आकुंचन टक्क्यांत जास्त असतं हे वर सांगितलंच. पण जाडी अर्धा मिमी असेल तर प्रत्यक्ष आकुंचन नगण्य राहतं आणि साहित्य कमी ताठर असल्याने ओढही कमी लागते. मुख्य म्हणजे ते बॉक्सच्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा न ठेवता पसरतं. त्यालाही ४० सेकंद, तसेच दोन टप्प्यांत. त्यावर १ मिमीचा पहिला घट्ट कंपोझिटचा थर, पुन्हा ४० सेकंद. म्हणजे सगळ्यात लांबच्या तीन थरांना दुप्पट वेळ गेला. तिथून वर यायला लागलो तसा वेळ २० वर आणला.

मग मॅट्रिक्सला लागून बाहेरची भिंत उभी केली, साधारण दीड मिमी जाड, दोन टप्प्यांत मार्जिनल रिजपर्यंत. ती झाली की क्लास टूचा क्लास वन होतो आणि उरलेली कॅव्हिटी डोळ्यांसमोर येते. सी-फॅक्टर वाढतो हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून आतले थर आडवे न लावता तिरके लावले: एक थर गालाकडच्या कस्पला टेकून तळापर्यंत उतरता, तो क्युअर, मग दुसरा जिभेकडच्या कस्पला टेकून. एकाच थराने दोन समोरासमोरच्या कस्पना एकदम धरायचं नाही, एवढं पाळलं तरी पुरे. थरांमधला चिकट पृष्ठभाग पुसायचा नाही. हवेतल्या ऑक्सिजनमुळे न जुळलेलं ते पातळ रेझिन पुढच्या थराला धरून ठेवतं. लाळ किंवा रक्त लागलं असेल तर गोष्ट वेगळी, मग स्वच्छ करून पुन्हा बॉण्ड द्यावा लागतो.

शेवटी मॅट्रिक्स काढून गालाच्या आणि जिभेच्या बाजूने बॉक्सवर २०-२० सेकंद. हा लाइट मी नेहमी देतो, पण तो वरच्या कमतरतेची भरपाई आहे असं समजत नाही. बॉक्सच्या मधोमध तो फारसा पोहोचत नाही. त्या रुग्णाची कळ त्या दिवसानंतर आली नाही, आणि पुढच्या बाईटविंग एक्स-रेमध्ये तळाची कड बंद दिसली. एका केसवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य. तरी तो मेणासारखा थर हाताने खरवडल्यापासून मी प्रत्येक बॉक्समध्ये प्रोब घालून खोली मोजतो.

बल्क फिलबद्दल. ही कंपोझिटं जास्त पारदर्शक असतात, काहींत ताण कमी करणारे मोनोमर असतात, आणि ४ मिमीपर्यंत एका वेळी क्युअर होतात. मीही ती वापरतो. पण ४ मिमी हा आकडाही जवळून दिलेल्या लाइटचा आहे. माझ्या ६ मिमी बॉक्समध्ये बल्क फिल तळाशी घातलं असतं आणि टिप तशीच तिरकी धरली असती, तर तळाचा भाग आणखीच कच्चा राहिला असता, कारण थर जाड आणि उजेड तोच. तेव्हा तुम्ही बल्क फिलकडे वळलात तरी टिपेचं अंतर, कोन आणि वेळ हे तीन प्रश्न तसेच सोबत येतील. वळायचंच असेल तर तळाचे पातळ थर आणि दुप्पट वेळ कायम ठेवा, बल्क फिल त्याच्या वर वापरा. पातळ वाहतं बल्क फिल असेल तर चावण्याच्या पृष्ठभागावर नेहमीच्या कंपोझिटचा थर हवाच.

तुमचा लाइट आणि तुमचं कंपोझिट यांची जोडी कशी आहे ते पाहायला एक सोपी चाचणी आहे. साधारण ४ मिमी व्यासाची आणि ८-१० मिमी लांबीची, आतून गुळगुळीत अशी धातूची नळी घ्या. ती काचेवर उभी ठेवून कंपोझिटने भरा, वर पारदर्शक पट्टी ठेवा आणि नेहमीच्या वेळेइतका लाइट द्या. मग साहित्य बाहेर ढकलून खालचा मऊ भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून टाका. उरलेल्या कडक भागाची लांबी मोजा आणि निम्मी करा. तेवढी जाडी त्या वेळेत सुरक्षितपणे क्युअर होते. आयएसओ ४०४९ या मानकातली चाचणी याच तत्त्वावर आहे. आता हीच चाचणी टिप ७ मिमी वर धरून पुन्हा करा, आणि मग टिप तिरकी करून तिसऱ्यांदा. ए-४ सारखी गडद किंवा अपारदर्शक छटा घेतलीत तर लांबी आणखी घटलेली दिसेल. तळाच्या थरांना मी फिकट छटा वापरतो त्याचं कारण हेच, तिथे रंग कोणी बघत नाही.

आत्ता जे रुग्ण कळ घेऊन येत आहेत, त्यांचं फिलिंग लगेच उघडू नका. आधी उंच ठिपका पाहा, बसून आणि आडवं करून, दोन्ही वेळा. कस्पवार चावायला देऊन चीर तपासा, आणि गार वस्तूला दात कसा प्रतिसाद देतो ते पाहा. गार लागल्यावर कळ क्षणात गेली तर पल्प सावरण्याच्या स्थितीत आहे, दोन-तीन आठवडे थांबता येतं. कळ रेंगाळत असेल किंवा रात्री आपोआप ठणकत असेल तर प्रश्न फिलिंगपुरता उरलेला नाही. थांबूनही चावतानाची कळ तशीच राहिली तर उघडा, आणि उघडताना तळाच्या शेवटच्या मिलिमीटरला बर थांबवून एक्स्कॅव्हेटर हातात घ्या. थर खरवडला जातो की नाही, यावरून कळेल की दोष लाइटचा होता की बॉण्डिंगचा. खाली थर कडक असून नुसता सुटलेला असेल, तर आम्ल जास्त वेळ राहिलं का, डेंटिन फार सुकवलं का, तिकडे शोधा. मऊ असेल तर पुढच्या रुग्णाच्या वेळी टिप कुठून धरता ते पाहा.